छायाचित्रावरून मिरचीची प्रतवारी : डाग कोणता यापेक्षा डाग कोठे, हे महत्त्वाचे

नवी दिल्ली : ढोबळी मिरचीच्या खोक्याचे छायाचित्र मोबाइलवर पाहून भाव ठरवण्याची पद्धत घाऊक व्यापारात आता अपरिचित राहिलेली नाही. माल शेतातच असतो, खरेदीदार दुसऱ्या राज्यात असतो आणि दोघांच्या मध्ये पुरावा म्हणून केवळ एक चित्र असते. त्या चित्रातील पांढरा ठिपका उन्हाने भाजल्याचा आहे, फळ टोकाकडून कुजू लागल्याचा आहे, की तो केवळ तकतकीत सालीवर पडलेला प्रकाश आहे, यावर त्या खोक्याची प्रत अवलंबून असते. निदान चुकले तर नुकसान दोनदा होते. आधी भाव कापला जातो आणि नंतर, जो रोगच नाही त्याच्यावर शेतकरी बुरशीनाशक फवारत बसतो. छायाचित्रातून मिरचीची पक्वता आणि दोष कसे ओळखावेत, मोजमाप कसे करावे आणि चित्राची मर्यादा कोठे संपते, याचा हा आढावा.

प्रतवारीची चौकट

भारतात शेतमालाच्या प्रतवारीला कृषी उत्पादन (प्रतवारी व चिन्हांकन) अधिनियम, 1937 चा आधार आहे. ‘ॲगमार्क’ हे चिन्ह याच कायद्याखाली दिले जाते. आंतरराष्ट्रीय व्यापारात ढोबळी मिरचीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे मानक वापरले जाते. त्यात विशेष, प्रथम आणि द्वितीय असे तीन वर्ग आहेत. या मानकाचा मोठा गुण असा की त्यातील मर्यादा डोळ्यांना दिसणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या आहेत. त्यामुळे छायाचित्रावरून प्रत ठरवताना ते विशेष उपयोगी पडते.

प्रथम वर्गात उन्हाचा चट्टा, खरचटणे, दाबाच्या खुणा अशा किरकोळ दोषांना मुभा आहे. मात्र लांबट नसलेल्या अशा दोषांचे एकूण क्षेत्र एका फळावर 1 चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे. द्वितीय वर्गात हीच मर्यादा 2.5 चौरस सेंटिमीटर आहे. फुलाकडील टोकाचा बिघाड मात्र द्वितीय वर्गातच आणि तोही 1 चौरस सेंटिमीटरपर्यंतच चालतो. प्रथम वर्गाच्या खोक्यात संख्येने किंवा वजनाने 10 टक्क्यांपर्यंत फळे त्या वर्गाच्या अटींत न बसणारी असली तरी खोके प्रथम वर्गातच राहते.

या नियमांतील एक बारकावा निर्णायक आहे. पाऊण चौरस सेंटिमीटरचा चट्टा उन्हाचा असेल तर फळ प्रथम वर्गात राहते. तेवढाच डाग टोकाच्या कुजीचा असेल तर ते द्वितीय वर्गात उतरते. आकार तोच असूनही प्रत बदलते. म्हणूनच डाग मोजण्याआधी तो ओळखावा लागतो.

दोन डाग, दोन कारणे

उन्हाचा चट्टा हा रोग नव्हे. फळाची उन्हाकडील बाजू भोवतालच्या हवेपेक्षा बरीच अधिक तापते. पानांची सावली असेपर्यंत फळ हे सहन करते. परंतु पानगळ झाली, तोडणीच्या वेळी फांदी वाकली किंवा झाड कलंडले, की आजवर सावलीत वाढलेले फळ एकाएकी उघडे पडते. उघड्या भागातील हरितद्रव्य नष्ट होते, पेशी मरतात आणि तेथे फिकट, पांढुरका, पुढे कागदासारखा पातळ व सुरकुतलेला चट्टा तयार होतो. पूर्ण वाढ झालेली पण अजून हिरवी असलेली फळे याला सर्वांत लवकर बळी पडतात. पूर्ण लाल झालेली फळे तुलनेने टिकाव धरतात.

टोकाची कूज, म्हणजे ‘ब्लॉसम एंड रॉट’, हीसुद्धा मुळात बुरशीची देणगी नसते. फळाच्या ऊतींना कॅल्शियम कमी पडल्याने ती होते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर झाडात वर चढते. हा प्रवाह जिकडे बाष्पोत्सर्जन अधिक तिकडे, म्हणजे पानांकडे, जास्त जातो. फळातून पाण्याची वाफ फारच कमी होते आणि देठापासून सर्वांत दूर असलेल्या टोकाला सर्वांत कमी वाटा मिळतो. त्यामुळे जमिनीत कॅल्शियम पुरेसे असूनही कूज दिसू शकते. पाण्याच्या पाळ्या अनियमित असणे, मुळांना इजा होणे, क्षारता वाढणे आणि अमोनियम स्वरूपातील नत्राचा अतिरेक ही तिची नेहमीची कारणे आहेत.

दोन्ही डाग सुरुवातीला फिकट असतात आणि रंगावरून त्यांची सहज गल्लत होते. टोमॅटोत ही कूज बहुधा नेमकी टोकावर बसते. ढोबळी मिरचीत मात्र ती अनेकदा टोकाच्या किंचित वर, बाजूच्या भिंतीवर उमटते आणि पाहणाऱ्याला उन्हाचा चट्टा वाटते. त्यामुळे छायाचित्रात रंगाआधी जागा पाहावी. उन्हाचा चट्टा फळाच्या एकाच बाजूला, बहुधा खांद्यावर किंवा फुगीर भागावर असतो. शेतातील चित्र असेल तर त्याच ओळीतील अनेक फळांवर तो एकाच दिशेला दिसतो आणि त्यावर पानांचे छत्र नसते. टोकाची कूज मात्र दिशेला जुमानत नाही. पानांखाली पूर्ण झाकलेल्या फळावरही ती असते, लहान वाढत्या फळांतही दिसते आणि तिचा अंतर नेहमी टोकापासून मोजावा लागतो, देठापासून नव्हे.

दुसरी खूण पोताची. उन्हाच्या चट्ट्याची साल पातळ, पांढरट आणि चुरगळल्यासारखी होते. कुजीचा भाग तपकिरीकडे झुकतो, किंचित खोल जातो आणि चामड्यासारखा चिवट दिसतो. याशिवाय तिसरा दावेदार आहे तो फळसड घडवणाऱ्या कोलेटोट्रायकम बुरशीचा. तिचा डाग फळावर कोठेही येतो. तो गोलाकार, खोलगट असतो आणि त्यात एकात एक वर्तुळे व काळे किंवा नारिंगी ठिपके दिसतात. भारतात पिकलेल्या लाल मिरचीवर ही सड विशेष आढळते. बुरशीनाशकाचा उपयोग असलाच तर या तिसऱ्या डागासाठी आहे. उन्हाच्या चट्ट्याला सावली हवी आणि टोकाच्या कुजीला नियमित पाणी.

एका टप्प्यानंतर मात्र चित्र मौन पाळते. उन्हाने किंवा कुजीने मेलेल्या ऊतींवर अल्टर्नेरियासारखी काळी बुरशी वाढते. तिने डाग पूर्ण व्यापला की मूळ कारण वरून सांगता येत नाही. अशा फळाची नोंद ‘बुरशी चढलेला डाग’ एवढीच करावी आणि कारणाचा शोध त्याच मालातील ताज्या, लहान डागांच्या फळांत घ्यावा.

पक्वता : रंग दिसतो, टणकपणा दिसत नाही

हिरव्या ढोबळी मिरचीची पक्वता छायाचित्रातून ठरवणे अवघड असते. कोवळे आणि पूर्ण वाढलेले हिरवे फळ रंगाने जवळजवळ सारखेच असते. खरा फरक आकारात, भिंतीच्या जाडीत आणि बोटाने दाबल्यावर जाणवणाऱ्या टणकपणात असतो. चित्रात यांपैकी फक्त आकार येतो आणि तोही शेजारी मोजमापाची वस्तू असेल तरच.

रंगीत मिरचीत स्थिती उलट असते. येथे रंगाचे प्रमाण हीच पक्वतेची खूण असते. तोडणीच्या वेळी निम्मा तरी रंग आलेला असावा, असा सर्वमान्य किमान निकष आहे. याचे कारण जैविक आहे. तोडल्यावर केळी किंवा आंबा जसा पिकतो तशी ढोबळी मिरची पिकत नाही. रंग बदलू लागलेले फळ तोडल्यावरही काही प्रमाणात रंगत राहते, पण पूर्ण हिरवे तोडलेले फळ समाधानकारक रंग धरत नाही. ‘वाटेत रंगेल’ या भरवशावर भरलेले खोके म्हणूनच वादाला कारण ठरते.

रंग बदलण्याच्या मधल्या अवस्थेत एक फसवा टप्पा येतो. हरितद्रव्य पूर्ण गेलेले नसते आणि लाल रंगद्रव्ये तयार होऊ लागलेली असतात. हिरवा आणि लाल एकत्र आले की डोळ्याला तपकिरी, चॉकलेटी छटा दिसते. धूसर छायाचित्रात हे फळ सडलेले वाटते. थंडीत हिरव्या फळांवर येणारे जांभळट-काळे पट्टेही असेच घाबरवतात. दोन्ही ठिकाणी ओळखीची खूण एकच आहे : साल तणावलेली, गुळगुळीत आणि चमकदार असते, रंगाची कड हळूहळू विरत जाते, आणि पृष्ठभाग कोठेही खचलेला नसतो. सड असेल तर चमक जाते आणि कड स्पष्ट होते.

छायाचित्र कसे घ्यावे

ढोबळी मिरचीची साल मेणासारखी तकतकीत असते. तिच्यावर दिव्याचा किंवा उन्हाचा पांढरा झोत पडला की चित्रात तो हुबेहूब उन्हाच्या चट्ट्यासारखा दिसतो. संगणकीय प्रतवारी करणाऱ्या प्रणालीही येथेच अधिक फसतात. यावर साधा उपाय म्हणजे थेट उन्हात किंवा फ्लॅशने छायाचित्र न घेता सावलीत, पसरलेल्या प्रकाशात घेणे. शंका असल्यास फळ न हलवता प्रकाशाची जागा बदलून दुसरे चित्र घ्यावे. चमक असेल तर ती सरकते. डाग असेल तर तो जागीच राहतो.

रंग खरा येण्यासाठी चौकटीत एक तटस्थ राखाडी पुठ्ठा ठेवणे उपयुक्त असते. चौकट लाल फळांनी भरली की मोबाइलचा कॅमेरा रंगाचा समतोल आपोआप ‘दुरुस्त’ करतो आणि लाल रंग फिका पडतो. पुठ्ठ्याचा रंग राखाडीच दिसेपर्यंत चित्र सुधारले की हा दोष निघतो. पार्श्वभूमी निळी असावी, कारण मिरचीच्या हिरव्या, पिवळ्या किंवा लाल छटांशी निळ्याची गल्लत होत नाही.

आकार मोजण्यासाठी 10 रुपयांचे नाणे पुरेसे आहे. त्याचा व्यास 27 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 5.7 चौरस सेंटिमीटर असते. चित्रात डागाने व्यापलेले बिंदू नाण्याच्या बिंदूंशी ताडून पाहिले की डागाचे क्षेत्र मिळते. येथे एक चूक सर्रास होते. नाणे चटईवर असते आणि डाग मात्र फळाच्या वरच्या बाजूला, म्हणजे कॅमेऱ्याच्या अधिक जवळ असतो. कॅमेरा चटईपासून 60 सेंटिमीटर उंच आणि फळ 8 सेंटिमीटर जाड असेल तर डाग कॅमेऱ्यापासून 52 सेंटिमीटरवर येतो. त्यामुळे तो लांबी-रुंदीत सुमारे 15 टक्के आणि क्षेत्रफळात सुमारे 33 टक्के मोठा दिसतो. नाणे फळाच्या उंचीच्या ठोकळ्यावर ठेवले की ही चूक टळते. ते शक्य नसेल तर आलेला आकडा 1.33 ने भागावा.

याच्या उलट चूक फळाच्या कडेला होते. वळलेल्या पृष्ठभागावरील डाग तिरपा दिसतो आणि लहान भासतो. कॅमेऱ्याच्या दिशेपासून पृष्ठभाग 60 अंश कललेला असेल तर डाग प्रत्यक्षापेक्षा निम्माच दिसतो. त्यामुळे मोजायचा डाग नेहमी कॅमेऱ्यासमोर आणावा.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे एकच चित्र पुरेसे नसते. वरून घेतलेल्या चित्रात फळाचा निम्म्याहून कमी पृष्ठभाग दिसतो. खोक्यात फळे देठ वर करून लावली असतील तर टोके पूर्ण झाकलेली राहतात आणि टोकाची कूज दिसण्याची शक्यताच संपते. म्हणून किमान तीन चित्रे हवीत : फळे आडवी ठेवून एक, तीच फळे उलटी करून दुसरे, आणि टोके वर करून तिसरे.

एका खोक्याचे उदाहरण

समजा, लाल ढोबळी मिरचीची 25 फळे प्रथम वर्ग म्हणून पाठवायची आहेत. या वर्गात 10 टक्क्यांची मुभा असल्याने अटींत न बसणारी दोन फळे, म्हणजे 8 टक्के, चालतील. तीन फळे, म्हणजे 12 टक्के, चालणार नाहीत.

पहिल्या चित्रात चार फळांवर पांढरे ठिपके दिसतात. केवळ यावर निर्णय घेतला तर 16 टक्के फळे सदोष ठरतात आणि खोके वर्गाबाहेर जाते. प्रकाशाची जागा बदलून पुन्हा चित्र घेतल्यावर दोन ठिपके सरकतात. ती निव्वळ चमक होती. उरलेली दोन फळे खांद्यावर, एकाच बाजूला, सुरकुतलेला पांढरट चट्टा दाखवतात. टोक स्वच्छ आहे. निदान उन्हाच्या चट्ट्याचे. चटईवरील नाण्याने मोजल्यावर एकाचे क्षेत्र 1.2 आणि दुसऱ्याचे 2.0 चौरस सेंटिमीटर येते. उंचीची दुरुस्ती केल्यावर ते अनुक्रमे 0.9 आणि 1.5 होते. पहिले फळ प्रथम वर्गात राहते, दुसरे द्वितीय वर्गात जाते. दुरुस्ती केली नसती तर चांगले फळ विनाकारण उतरले असते.

दुसऱ्या चित्रात, म्हणजे उलट्या बाजूला, नवा डाग नाही. पण एक फळ समोरून सुमारे 90 टक्के लाल असूनही मागून जेमतेम 30 टक्के लाल आहे. दोन्ही बाजूंची सरासरी 60 टक्के येते. तोडणीचा निकष ते पूर्ण करते, परंतु प्रथम वर्गाच्या खोक्यातील फळे पक्वतेत आणि रंगात जवळपास एकसारखी असावीत, अशी अट आहे. हे फळ वेगळ्या खोक्यात ठेवले जाते. 24 फळे उरतात.

तिसऱ्या चित्रात टोके वर आल्यावर आतापर्यंत निर्दोष वाटलेल्या दोन फळांवर तपकिरी, खचलेले डाग दिसतात. या वेळी नाणे फळांच्या उंचीच्या ठोकळ्यावर आहे. एक डाग 0.6 चौरस सेंटिमीटरचा आहे. टोकाच्या कुजीला प्रथम वर्गात मुभा नसल्याने हे फळ द्वितीय वर्गाचे ठरते. दुसरा डाग 3 चौरस सेंटिमीटरचा असून त्यावर काळी बुरशी आहे. ते फळ कोणत्याच वर्गात बसत नाही.

आता 24 पैकी तीन फळे अटींत बसत नाहीत. हे प्रमाण साडेबारा टक्के होते. बुरशी चढलेले फळ तसेही खोक्यात ठेवता येत नाही, कारण प्रवासात ते शेजारच्या फळांनाही बिघडवते. ते काढल्यावर 23 पैकी दोन, म्हणजे 8.7 टक्के उरतात आणि खोके प्रथम वर्गात बसते. पहिल्या चित्राने दोषी ठरवलेल्या चारपैकी तीन फळे निर्दोष किंवा मर्यादेत निघाली. ज्या फळाने खरोखर खोके बिघडवले असते, ते त्या चित्रात ठिपकाविरहित दिसत होते.

वाळलेल्या मिरचीची वेगळी अडचण

आंध्र प्रदेशातील गुंटूर, कर्नाटकातील ब्याडगी किंवा महाराष्ट्रातील नंदुरबार येथील वाळलेल्या लाल मिरचीला हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. वाळताना साल आकसते आणि उन्हाच्या चट्ट्याची सुरकुती सर्वसामान्य सुरकुत्यांत हरवून जाते. ब्याडगी मिरचीच्या सालीवर तर सुरकुत्या हे जातीचेच लक्षण आहे. तो दोष समजणे म्हणजे चांगल्या मालाला कमी लेखणे होय. येथे चित्रातून भरवशाने सांगता येते ते पांढऱ्या पडलेल्या आणि तुटलेल्या मिरच्यांचे प्रमाण, देठांची उपस्थिती आणि रंगाचा एकसारखेपणा.

वाळलेल्या मिरचीचे मोल ठरवणाऱ्या काही गोष्टी चित्रात येतच नाहीत. पृष्ठभागाची लाली आणि मिरचीतून निघणारे एकूण रंगद्रव्य यांचे प्रमाण एकच नसते. ते प्रयोगशाळेतच मोजावे लागते. तिखटपणा दिसत नाही. ओलावा दिसत नाही. ॲफ्लाटॉक्सिनसारखे बुरशीजन्य विष तर स्वच्छ दिसणाऱ्या मिरचीतही असू शकते.

चित्र कोठे थांबते

ताज्या ढोबळी मिरचीतही असे आंधळे कोपरे आहेत. टोकाची कूज कधीकधी आतून सुरू होते आणि बाहेर फक्त किंचित फिकटपणा दिसतो. ही मिरची 7 अंश सेल्सिअसखाली साठवली गेली तर थंडीने इजा होते. सालीवर बारीक खड्डे पडतात आणि आतील बियांचा भाग काळवंडतो. हे खड्डे अनेकदा शीतगृहातून बाहेर काढल्यानंतरच उठून दिसतात. त्यामुळे शेतावर घेतलेले निर्दोष चित्र आणि बाजारात उघडलेले सदोष खोके, दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. अशा वादात चित्र कोणत्या दिवशी, तोडणीनंतर किती तासांनी आणि कोठे घेतले, याची नोंद चित्राइतकीच मोलाची ठरते.

यावर प्रतवारी करणाऱ्यांची सर्वांत जुनी पद्धत आजही लागू पडते. संशयित फळांपैकी दोन-तीन उभी चिरून आतल्या भागाचे छायाचित्र घ्यावे आणि ते बाहेरच्या चित्राला जोडावे. उन्हाच्या चट्ट्याखाली भिंत बाहेरून आत मेलेली दिसते, तर टोकाच्या कुजीत आतील भागही तपकिरी झालेला आढळू शकतो. संगणकाला डाग ओळखायला शिकवण्यासाठी जमवलेल्या चित्रांनाही हीच कसोटी लागते. फळ न चिरता केवळ वरून पाहून ‘ऊन’ किंवा ‘कूज’ अशी नावे दिली असतील, तर नावे देणाऱ्याची चूक प्रणाली जशीच्या तशी उचलते.

खरेदीदाराकडे जाणाऱ्या चित्रासोबत म्हणून पाच गोष्टी असाव्यात : आडव्या, उलट्या आणि टोक वर केलेल्या फळांची तीन चित्रे, फळाच्या उंचीवर ठेवलेले मोजमापाचे नाणे, राखाडी पुठ्ठा, तोडणीची व छायाचित्राची वेळ, आणि संशयित फळाचा चिरलेला काप. यातून टणकपणा, ओलावा किंवा तिखटपणा कळणार नाही. परंतु भाव कापताना दाखवलेला डाग कोणता, केवढा आणि किती फळांवर आहे, हे दोन्ही बाजूंना एकाच चित्रावर बोट ठेवून ठरवता येईल.